दहावी ‘ब’चं पान: एका फोटो-कोलाजची तपासणी

जानेवारीत, पूर्वपरीक्षेच्या आधी, दहावी ‘ब’च्या वर्गशिक्षिका बाईंचा फोन आला. शाळेच्या वार्षिकांकात निरोपाच्या तुकडीसाठी दोन पानं ठेवली होती. एकावर सगळ्या मुलांचे एकेकट्याचे फोटो होते, समोरच्या पानावर वर्षभरातल्या प्रसंगांचे. डीटीपीवाल्याने पहिला प्रूफ दिला होता आणि तो पाहून दोन पालक चिडले होते. “तुम्ही छपाईतल्या, एकदा नजर टाका. मला तर पान छानच वाटतंय, पण काहीतरी खुपतंय खरं,” असं बाई म्हणाल्या. गावाचं आणि शाळेचं नाव इथे देत नाही. आमच्यासारख्या कुठल्याही तालुक्याच्या गावात हेच घडलं असतं.

पान दिसायला खरंच छान होतं. निळसर पार्श्वभूमी, फोटो थोडे तिरके, एकमेकांवर चढलेले, मधोमध एका मुलीचा मोठा हसरा फोटो आणि भोवती बाकीचे विखुरलेले. वर्गात मुलं ४६. मी बाईंना पान शंभर टक्के मापात, ए-फोर कागदावर छापून आणायला सांगितलं. पडद्यावर हे काम होत नाही. तिथे डोळा आपोआप मोठ्या फोटोकडे जातो आणि लहान फोटो ‘आहेत’ एवढ्यावर समाधान मानतो. कागद आला तशी पट्टी घेतली आणि प्रत्येक चौकटीची रुंदी-उंची फोटोवरच पेन्सिलीने लिहीत गेले.

सगळ्यात मोठी चौकट ६२ बाय ८० मिलिमीटरची निघाली, सगळ्यात लहान १६ बाय २० ची. क्षेत्रफळ काढलं तर साडेपंधरा पट फरक. आणखी पाच फोटो ४५ बाय ५८ च्या आसपास होते आणि उरलेले चाळीस त्यामानाने चिमुकले. त्यातल्या नऊ मुलांच्या चौकटीवर शेजारच्या फोटोचा कोपरा चढला होता. एकाच्या तर कपाळावर.

पालकांचा आरोप सरळ होता. मोठे सहा फोटो ‘त्यांच्या’ मुलांचे. त्यातली दोन मुलं शाळा समितीवरच्या लोकांची होती, एक शिक्षकांची. बाईंना ते फार लागलं होतं, कारण त्यांनी कुणाचंही नाव सुचवलं नव्हतं. मी डीटीपीवाल्या दादाला भेटले. तो चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर बसतो, लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स हा त्याचा खरा धंदा. “ताई, मी कुणाला ओळखतो का? ज्याची फाइल चांगली, त्याचा फोटो मोठा. फाटकी फाइल मोठी केली की चौकोन-चौकोन दिसतात, मग शिव्या मलाच,” असं त्याने सरळ सांगून टाकलं.

त्याने फोल्डर उघडून दाखवलं. ४६ फाइली चार वाटांनी आल्या होत्या. सहा फाइली स्नेहसंमेलनाच्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातून थेट. पंचवीस मुलांनी मोबाइलवर काढलेले फोटो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेले, म्हणजे वाटेत दाबले गेलेले. दहा फोटो शाळेच्या नोंदीतले पासपोर्ट फोटो स्कॅन केलेले, काहींचे तर सातवी-आठवीतले. आणि पाच मुलांचा एकट्याचा फोटो कुठेच नव्हता म्हणून सामूहिक फोटोतून चेहरा कापून घेतलेला. ही पाच मुलं पानावर सगळ्यात लहान होती.

फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यात ती सहाच मुलं का? कारण संमेलनात सूत्रसंचालन, स्वागतगीत आणि बक्षीस यांत तीच होती. त्यातली तीन मुलं समितीची आणि शिक्षकांची असावीत, हाही निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. म्हणजे पालकांनी दादाच्या हेतूबद्दल जे गृहीत धरलं ते चूक होतं, पण पानावर जे दिसत होतं ते बरोबर होतं. ज्याला वर्षभर पुढे उभं राहायला मिळालं, त्याची फाइल मोठी झाली. ज्याच्या घरी एकच फोन आणि तोही वडील कामावर घेऊन जातात, त्याचा चेहरा गर्दीतून कापावा लागला. शाळेतली वर्षभराची उतरंड दादाने नकळत मिलिमीटरमध्ये उतरवली होती.

पहिला उपाय तिथेच, माळ्यावर, कॅल्क्युलेटरवर निघाला. छपाईला एका इंचात साधारण ३०० पिक्सेल लागतात. ६२ मिलिमीटर रुंद फोटोला ७३२ पिक्सेल हवेत, आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतून नुसता चेहरा कापला की उरत नाहीत. तिथे दादाचं म्हणणं खरं होतं. पण सगळ्यांना सारखीच चौकट द्यायची ठरवली तर ती किती मोठी होईल? ए-फोर पानावर डावे-उजवे समास सोडून १८० मिलिमीटर रुंदी उरते. सात रांगा, सात स्तंभ, मध्ये चार मिलिमीटरचं अंतर धरलं की चौकट २२ मिलिमीटर रुंद होते. उंची २८ घेतली, खाली नाव आणि अंतराला ८ मिलिमीटर, तर सात रांगा २५२ मिलिमीटरमध्ये बसतात आणि वर ‘दहावी ब’च्या पट्टीला दोन सेंटिमीटर राहतात. २२ मिलिमीटरला लागतात फक्त २६० पिक्सेल. एवढे तर दाबलेल्या फोटोतही होते.

म्हणजे फाइल चांगली-वाईट हा प्रश्नच मुळात मोठ्या चौकटींनी उभा केला होता. चौकटी सारख्या केल्या की पंचवीसच्या पंचवीस मोबाइल फोटो चालण्यासारखे ठरले. अडकले ते फक्त कापलेले पाच. त्यातला सगळ्यात वाईट फोटो जेमतेम ९० पिक्सेल रुंद होता. तो २२ मिलिमीटरवर ताणला की इंचाला शंभरच्या आसपास पडतात आणि चेहऱ्याचा लगदा होतो. हे दुरुस्त करायला संगणकात उपाय नाही. त्या मुलाला परत उभं करून फोटो काढणं, एवढाच.

बाईंनी त्या पाच मुलांना आणि जुन्या पासपोर्ट फोटोवाल्या दहांना नवा फोटो काढू असं सांगितलं. वर्गात हे सांगितल्यावर अर्थातच आणखी सोळा जणांनी हात वर केले. “आमचा पण नको तो, बाई!” असे एकतीस झाले. मधल्या सुट्टीत आणि पुढच्या तासाला उत्तरेकडच्या व्हरांड्यात, पिवळ्या भिंतीसमोर, एका स्टुलावर बसवून एकाच फोनने काढले. फोन दीड मीटरवर, डोळ्यांच्या उंचीवर. जवळून काढला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. वरून काढला की मूल बुटकं वाटतं. फाइलला लगेच हजेरीतला क्रमांक नाव म्हणून दिला, `23.jpg` असा. या क्षुल्लक वाटणाऱ्या सवयीचा फायदा पुढे कळला.

दुसरा प्रूफ चार दिवसांनी आला. एकोणपन्नास घरांची जाळी, त्यात ४६ भरलेली, सगळ्या चौकटी काटेकोर २२ बाय २८. दादा खूश होता. मी पुन्हा पट्टी काढली आणि या वेळी चौकट सोडून चेहरा मोजला. हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंत. एका मुलीचं डोकं २१ मिलिमीटर उंच होतं, चौकट जवळजवळ भरून. एका मुलाचं १०, कारण त्याचा फोटो कमरेपासून वर होता आणि मागे अर्धी बाग दिसत होती. चौकटी सारख्या असून एक मुलगी पानातून बाहेर बघत होती आणि एक मुलगा लांब कुठेतरी उभा होता. पान हातभर लांब धरलं की हा फरक चौकटींच्या फरकाइतकाच ठळक दिसतो. नवख्या तपासणाऱ्याची इथे हमखास फसगत होते. तो चौकट मोजतो आणि काम झालं असं समजतो.

पण डोकं मोजण्यातही गोची आहे. एक मुलगी हिजाब घालते, तिच्या डोक्याचं टोक कुठे धरायचं? एका मुलाच्या केसांचा कोंबडा चांगला तीन मिलिमीटरचा. आणि दोन घट्ट वेण्या घातलेल्या मुलीचं डोकं मापात लहानच येणार. म्हणून मी डोळ्यांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचं अंतर घेते. केस, रुमाल, टोपी, काहीही असो, ते बदलत नाही. माणसाचे डोळे साधारण डोक्याच्या निम्म्या उंचीवर असतात, त्यामुळे हे माप सारखं केलं की चेहरे आपोआप सारखे दिसतात. आम्ही ठरवलं, डोळे ते हनुवटी ८ मिलिमीटर, एखादा मिलिमीटर इकडेतिकडे चालेल. आणि डोळे चौकटीच्या वरच्या कडेपासून १२ मिलिमीटरवर. दादाने पारदर्शक थरावर दोन आडव्या रेघा मारून ठेवल्या आणि प्रत्येक फोटो त्या रेघांवर बसवला. दीड तासाचं काम. पूर्ण झाल्यावर त्या रांगा एका नजरेत वाचता यायला लागल्या, कारण डोळे वर-खाली उड्या मारेनासे झाले.

आता उजेडाबद्दल. आतली पानं मॅपलिथो कागदावर छापणार होते, चकचकीत आर्ट पेपरवर नाही. मॅपलिथो शाई पितो, ठिपके पसरतात आणि पडद्यावर दिसतं त्यापेक्षा सगळंच काळवंडतं. त्याची झळ सावळ्या मुलांना सगळ्यात जास्त बसते. गोऱ्या चेहऱ्यावर तेवढाच काळेपणा वाढला तरी नाक-डोळे दिसतात. गडद चेहऱ्यावर डोळे, भुवया आणि केस एकमेकांत मिसळतात आणि नुसती आकृती उरते. दादाने आधीच सगळ्या फोटोंना एकदम उजेड वाढवून ठेवला होता. सगळ्यांना सारखाच दिला म्हणून न्याय झाला, असं त्याला वाटत होतं. परिणाम असा की काही मुलं पिठात बुडवल्यासारखी पांढरी झाली आणि सहा-सात तरीही काळोखातच राहिली.

आम्ही एक रांग खऱ्या मॅपलिथोवर छापून आणली. खिडकीपाशी धरून एकच गोष्ट पाहिली. भुवई त्वचेपासून वेगळी दिसते का, आणि डोळ्यातलं पांढरं दिसतं का? दिसत नसेल तर त्या एकाच फोटोच्या फक्त मधल्या छटा वर घ्यायच्या, अगदी उजळ भागाला हात लावायचा नाही. त्वचेचा रंग बदलणं आणि चेहरा वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका मुलाचा फोटो दादाने मोठ्या मायेने ‘गोरा’ करून ठेवला होता. तो पाहून मुलगा म्हणाला, “हा मी नाहीये.” परत केला.

नावांवर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. पहिल्या प्रूफमधली नावं शाळेच्या इंग्रजी यादीवरून टाइप केली होती. आपल्या आडनावांची इंग्रजीतून परतीची वाट किती खडबडीत आहे ते तिथे कळतं. Kale लिहिलं की काळे, काले, कळे यांतलं काहीही होतं. Dhage चं ढगे किंवा धागे. ऋतुजाची रुतुजा झाली होती, सृष्टीची श्रुष्टी. वर, दादाचा जुना मजकूर फॉन्टमधून युनिकोडमध्ये फिरवलेला, त्यामुळे सूर्यवंशी आणि कर्वे यांचा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला होता. असा तुटलेला रफार आठ पॉइंटच्या अक्षरात सहज सुटतो. मी नावं वाचताना भिंग घेते आणि ओळ उलट्या बाजूने, शेवटच्या नावाकडून पहिल्याकडे वाचते. सरळ वाचताना ओळखीचं नाव डोळा स्वतःच दुरुस्त करून टाकतो.

पण बरोबर काय हे ठरवायचं कुणी? वर्गात एक कागद फिरवला. प्रत्येकाने आपलं नाव अंकात जसं हवं तसं स्वच्छ मराठीत लिहायचं आणि समोर सही. तीन मुलांचं स्वतःचं लिखाण शाळेच्या नोंदीपेक्षा वेगळं निघालं. बाई म्हणाल्या, नोंदीप्रमाणेच जाऊ. माझं मत वेगळं पडलं. हा अंक आहे, दाखला नाही. इथे मुलीने ऋतुजा लिहिलं असेल तर ऋतुजा. बाईंना ते पटायला एक दिवस लागला.

पूर्ण नाव २२ मिलिमीटरमध्ये बसत नाही. मुलाचं नाव वरच्या ओळीत, आडनाव खालच्या ओळीत, दोन्ही आठ पॉइंट. लांब नाव बसवायला अक्षर बारीक करायचं नाही, कारण मग ज्याचं नाव लांब त्याचंच नाव पुसट. एकाच नाव-आडनावाचे दोन जाधव होते. त्यांच्यात वडिलांच्या नावाचं आद्याक्षर घातलं. एकाने आईच्या नावाचं आद्याक्षर हवं असं लिहून दिलं, तर तसं. ‘कु.’ आणि ‘चि.’ सगळ्यांचेच काढले. पहिल्या प्रूफमध्ये ते अर्ध्यांना होते आणि अर्ध्यांना नव्हते.

सहीचा तो कागद फिरला तेव्हाच आणखी एक गोष्ट उघड झाली. एका मुलीने सहीच्या जागी लिहिलं, “माझा फोटो नको.” घरूनही नको होतं. तिचा जुना पासपोर्ट फोटो नोंदीतून काढून कुणालाही न विचारता पानावर लावला होता. अंक छापून संपत नाही, त्याची पीडीएफ ग्रुपवर फिरते. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती डिजिटल स्वरूपात वापरायची तर पालकांची संमती घ्यावी, ही तरतूद २०२३ च्या वैयक्तिक डेटाविषयीच्या केंद्रीय कायद्यातही आहे. पण तो कायदा नसता तरी विचारणं भाग होतंच. मग जाळीतल्या तिच्या घराचं काय करायचं? घर वगळलं तर ती वर्गात नव्हतीच असं होईल. राखाडी चौकोन ठेवला तर सगळ्यांचा डोळा तिथेच जाईल. तिनेच तोडगा काढला. स्वतःच्या हाताने काढलेलं जास्वंदाचं चित्र, त्याच मापात, खाली नाव त्याच अक्षरात.

क्रम लावतानाही थोडी धुसफूस झाली. हजेरीत आधी मुलगे, मग मुली. त्याप्रमाणे लावलं तर पानाचा वरचा अर्धा भाग मुलग्यांचा. गुणांप्रमाणे तर नकोच. पहिल्या नावाच्या वर्णक्रमाने लावायचं ठरलं. दादाने एक्सेलमध्ये क्रम लावून दिला आणि ज्ञानेश्वरी ‘ज’च्या नावांच्या शेवटी जाऊन बसली. संगणकाला ज्ञ म्हणजे ज आणि ञ. आपल्या वर्णमालेत ती शेवटी हवी. हाताने हलवली. शेवटच्या रांगेत चारच घरं भरत होती. दादाला ती चार मधोमध घ्यायची होती, पण खाली मोकळ्या जागेत मधोमध उभे केलेले चार जण मंचावर असल्यासारखे दिसतात. डावीकडून लावली, उरलेल्या तीन घरांत वर्गाचं नाव आणि वर्ष. बाईंचा फोटो समोरच्या पानावर गेला.

तिसऱ्या प्रूफमध्ये खरी भीतीदायक चूक सापडली. मी पहिली रांग नावांच्या कागदाशी ताडून पाहिली, सातही बरोबर. दुसरी, तिसरी बरोबर. एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. माझा नियम असा की प्रत्येक रांगेतलं पहिलं आणि शेवटचं घर हमखास बघायचं. चौथ्या रांगेतलं पहिलं नाव बरोबर आणि शेवटचं चूक. तिथून खाली पानभर सगळी नावं एक घर सरकलेली होती. बाविसाव्या क्रमांकानंतर सगळ्या वर्गाला शेजाऱ्याचं नाव.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. एक मुलगा दिवाळीनंतर दाखला काढून दुसऱ्या गावी गेला होता. फोटोंमध्ये तो नव्हता, पण दादाने वापरलेल्या जुन्या यादीत त्याचं नाव तेविसावं होतं. तेविसाव्या चेहऱ्याखाली गेलेल्या मुलाचं नाव आलं आणि पुढचे सगळे ढकलले गेले. ४७ नावं, ४६ घरं. मग शेवटचं नाव उरायला हवं होतं, ते दिसलं का नाही? कारण नावं एकाच मजकूर-चौकटीतून वाहत होती आणि जादा मजकूर चौकटीखाली दडला होता. कोरलड्रॉ अशा वेळी चौकटीच्या कडा लाल करतं, पण दादाने त्या कडा दिसण्यातून बंद करून ठेवल्या होत्या. तेव्हापासून प्रत्येक फोटो आणि त्याखालचं नाव एकत्र बांधून ठेवलं, हललं तर दोघंही हलतील. फाइलींची क्रमांकाची नावं असल्यामुळे ही जुळवाजुळव पाऊण तासात झाली, नाहीतर चेहरे ओळखायला बाईंना परत माळ्यावर बोलवावं लागलं असतं.

समोरचं पान, म्हणजे प्रसंगांचं कोलाज, तिथे सारखं माप चालत नाही. सहलीचा रुंद फोटो आणि प्रयोगशाळेतला उभा फोटो एकाच मापात कोंबले तर दोन्ही वाया जातात. तिथे मोजायचं ते हे की कोण किती वेळा दिसतं. मी हजेरीची यादी घेतली आणि १९ फोटोंपैकी प्रत्येकात जो ओळखू येतो त्याच्यापुढे एक उभी रेघ मारली. पाठमोरं, अर्धं झाकलेलं किंवा सहा मिलिमीटरपेक्षा लहान डोकं धरलं नाही. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट झालं. नऊ मुलं पाच किंवा जास्त वेळा. अकरा मुलं एकदाही नाहीत.

त्या अकरांमध्ये सातजण आसपासच्या वाड्यांवरून एसटीने येणारे होते. पाचची गाडी गाठायची म्हणून संमेलनाच्या सरावाला थांबत नसत. आणि १९ पैकी आठ फोटो सहलीचे होते, जिथे वर्गातली २७ मुलंच गेली होती. म्हणजे प्रसंग निवडतानाच माणसं निवडली गेली होती. फोटो हलवून यातून वाट निघत नाही, प्रसंगच बदलावे लागतात. सहलीचे तीन ठेवले. त्या जागी प्रार्थना, डबा खातानाचे गोल, प्रयोगशाळा, मैदानावरचा कबड्डीचा डाव, आणि बाईंच्या फोनमध्ये पडलेला एक फोटो घेतला, ज्यात पाऊस थांबायची वाट बघत एसटीवाली मुलं व्हरांड्यात दप्तरं डोक्यावर घेऊन उभी आहेत. तो पानावरचा सगळ्यात जिवंत फोटो ठरला आणि अकरातली सहा मुलं त्यात एकदम आली. फोटो नको म्हणणारी मुलगी सोडून प्रत्येक मूल किमान एकदा, कुणीही तीनपेक्षा जास्त वेळा नाही, असं ठरवलं. सूत्रसंचालन करणारी मुलगी चारवर राहिली. तिला संमेलनाच्या फोटोंतून काढायचं म्हणजे संमेलनच काढावं लागलं असतं, म्हणून सोडून दिलं.

या पानावरच्या ओळींमध्ये वेगळीच पंगत होती. ‘ईश्वरी आणि मैत्रिणी’, फोटोत चार मुली, नाव एकीचं. ‘आमचा स्टार फलंदाज’ आणि शेजारी दोन निनावी खेळाडू. चालताना कुबडी वापरणाऱ्या मुलाखाली ‘जिद्दीचं दुसरं नाव’. फोटोत तो इतरांसारखाच कॅरम खेळत होता. विशेषणं सगळी काढली. प्रसंग, आणि मग ‘डावीकडून’ म्हणून सगळ्यांची नावं. सातपेक्षा जास्त जण असतील तर नावं न देता फक्त प्रसंग. त्या कॅरमच्या फोटोखाली चौघांची नावं आली.

तरी पान थोडं सपाट दिसतं, ही दादाची तक्रार खरी होती. मुलंही म्हणालीच, “पासपोर्टच्या कागदासारखं वाटतंय.” प्रत्येक रांगेच्या मागे वेगळ्या फिक्या रंगाचा पट्टा दिला, पट्टा सगळ्या घरांमागे सारखाच. तेवढ्याने बरीच उभारी आली. शिलाईकडच्या बाजूला समास आणखी पाच मिलिमीटर सरकवला, नाहीतर डावीकडचा अख्खा स्तंभ पिनांच्या घडीत गेला असता. त्यापायी चौकटींमधलं अंतर चारावरून सव्वातीनवर आलं.

एवढं करून अंक छापला आणि वाटायच्या दिवशी एका मुलीने बोट ठेवलं. प्रयोगशाळेतल्या फोटोखाली ‘डावीकडून’ म्हणून तिघींची आणि एका मुलाची नावं होती, आणि ती उलटी लागली होती. यादीतला क्रम बरोबर होता, उलटा होता तो फोटो. चेहरे पानाच्या आत बघावेत म्हणून दादाने शेवटच्या रात्री तो आरशासारखा फिरवला होता. मी सगळं मोजलं आणि नेमकं तेवढं बघितलं नाही. बघितलं असतं तर लगेच कळलं असतं. आपल्या शाळेच्या शर्टाला खिसा छातीच्या डाव्या बाजूला असतो, म्हणजे समोरून बघताना आपल्या उजव्या हाताला. छापलेल्या फोटोत मुलाचा खिसा भलत्याच बाजूला होता. तीनशे प्रतींवर चिकटवायला दादाने फुकट पट्ट्या छापून दिल्या, आणि त्या चौघांनीच एका दुपारी बसून, डिंकाने, एकेक करून लावल्या.